टँकमधल्या वेळेवरून सरोवर पार करायचा वेळ कसा काढायचा

प्रश्न: मी पुण्यात टँकमध्येच पोहायला शिकलो आणि आता झ्युरिकमध्येही २५ मीटरच्या पूलमध्येच पोहतो. विश्रांती घेत घेत १०० मीटर १ मिनिट ५५ सेकंदांत होतात, सलग १००० मीटरला २१ मिनिटे लागतात. या उन्हाळ्यात झ्युरिकचे सरोवर मीटेनकेच्या काठापासून टीफेनब्रुनेनच्या काठापर्यंत, म्हणजे १५०० मीटर, पोहून पार करायचे आहे, वेटसूट न घालता. तिथे भिंतीला ढकलून निघता येणार नाही, वर पाणी हलणारे. मला किती वेळ लागेल असे धरू?

उत्तर: पाणी शांत असेल तर ३६ मिनिटे, नेहमीसारखे थोडे हलत असेल तर साडेसदतीस आणि वारा चांगलाच असेल तर ४० च्या वर. हा आकडा कुठून आला ते सांगतो, कारण तुमचा स्वतःचा आकडा यापेक्षा दोन मिनिटे इकडेतिकडे असू शकतो आणि तो तुम्हालाच काढायचा आहे.

आधी १:५५ विसरा. विश्रांती घेऊन मारलेल्या शंभराचा सलग पोहण्याशी फारसा संबंध नसतो. त्याला पंधराने गुणले की पावणेएकोणतीस मिनिटे येतात, आणि सरोवरात पहिल्यांदा उतरणारे बहुतेक जण घरी तोच आकडा सांगून येतात. मग पलीकडच्या काठावर घरचे लोक सात-आठ मिनिटे घाबरून पाण्याकडे बघत उभे राहतात. आपला पाया म्हणजे तुमचे सलग १००० मीटर, म्हणजे शंभराला २:०६. अट एवढीच की त्या २१ मिनिटांत गॉगल झटकायला, घोटभर पाणी प्यायला भिंतीपाशी थांबलेला नसाल. थांबला असाल तर ती वेळ परत घ्या. याच गतीने १५०० मीटरला साडेएकतीस मिनिटे होतात. ही टँकमधली वेळ झाली, आता तिच्यात भर घालत जायचे.

पहिली भर भिंतीची. १५०० मीटर म्हणजे २५ मीटरच्या पूलमध्ये ६० लेंग्थ, म्हणजे साठ वेळा पायाने ढकलून निघणे. प्रत्येक वेळी तुम्हाला किती फुकट मिळते हे मोजायची सोपी युक्ती पूलमध्येच टांगलेली असते. बॅकस्ट्रोकवाल्यांसाठी पाण्यावर ज्या पताका लावतात त्या दोन्ही भिंतींपासून पाच-पाच मीटरवर असतात. दोन पताकांच्या मध्ये १५ मीटर उरतात, आणि तिथे तुम्ही खरोखर हातांनी पोहत असता. काठावर कुणाला तरी स्टॉपवॉच देऊन उभे करा. तुमचे डोके पहिल्या पताकेखालून गेले की घड्याळ सुरू, दुसऱ्या पताकेखाली बंद. हे ताजेतवाने असताना मोजू नका. १००० मीटरमधले पहिले ४०० झाले की मग सात-आठ लेंग्थ मोजा आणि सरासरी काढा. कुणी सोबत नसेल तर काठावर मोबाइल ठेवून व्हिडिओ काढला तरी चालतो.

तुमचा हा आकडा मला माहीत नाही, पण तुमच्या गतीच्या आणि भिंतीला हात लावून साधा टर्न मारणाऱ्या माणसाचा तो साधारण १९.६ सेकंद येतो. तोच घेऊन हिशेब करू. तुमची एक लेंग्थ ३१.५ सेकंदांची आहे. त्यातले १९.६ मधल्या १५ मीटरला गेले, उरले ११.९. या ११.९ सेकंदांत तुम्ही भिंतीकडे पाच मीटर पोहलात, वळलात आणि ढकलून पुढचे पाच मीटर गेलात. तेच दहा मीटर हातांनी पोहावे लागले असते तर १३.१ सेकंद लागले असते. म्हणजे एका भिंतीने तुम्हाला जेमतेम १.२ सेकंद दिले. साठ भिंतींचे मिळून ७० सेकंद. मधल्या १५ मीटरच्या गतीने, म्हणजे शंभराला सुमारे २:११ ने, १५०० मीटरला ३२ मिनिटे ४० सेकंद होतात.

भिंत नाही म्हणून धास्तावलेल्या माणसाला हा आकडा फारच लहान वाटतो. पण वळताना वाया जाणारे दीड-दोन सेकंद आपण धरत नाही. ढकलून मिळालेला वेग लक्षात राहतो, भिंतीला लोंबकळलेला क्षण राहत नाही. वरच्या पातळीवर तर फायदा आणखी कमी दिसतो. अमेरिकन जलतरणपटू केटी लेडेकीने १५०० मीटर ५० मीटरच्या पूलमध्ये २०१८ साली १५:२०.४८ ला पोहले आणि २५ मीटरच्या पूलमध्ये २०२२ साली १५:०८.२४ ला. छोट्या पूलमध्ये तीस टर्न जास्त, आणि फरक सव्वाबारा सेकंदांचा, म्हणजे टर्नमागे ०.४ सेकंद. तिचा पोहण्याचा वेगच इतका आहे की ढकलून मिळणारा वेग त्याच्या फार पुढे जात नाही. आपल्यासारख्यांचे उलट असते. तुम्ही हातांनी सेकंदाला पाऊण मीटर जाता आणि पायाने ढकलल्यावर पहिले पाच मीटर त्याच्या जवळपास दुप्पट वेगाने. त्यामुळे ज्यांचे पाय मजबूत, ग्लाइड लांब आणि हात कच्चे, अशा फुटबॉलवाल्यांना भिंत टर्नमागे दोन सेकंदही देते. मोजल्यावर तुमचे १५ मीटर १९.६ ऐवजी २०.२ सेकंदांचे निघाले तर समजा की तुम्ही त्यांच्यातले आहात, आणि पुढच्या सगळ्या हिशेबात आणखी एक मिनिट घाला.

आता भिंतीचे दुसरे देणे, जे घड्याळात दिसत नाही. टर्न आणि त्यानंतरचा ग्लाइड मिळून साधारण साडेपाच सेकंद तुमचे हात काहीच करत नसतात. दर ३१.५ सेकंदांतले साडेपाच! म्हणजे २१ मिनिटांच्या सलग पोहण्यात साडेतीन मिनिटे खांद्यांना सुट्टी असते. मधल्या १५ मीटरची तुमची जी गती मोजली ती या सुट्टीच्या जोरावरची आहे. सरोवरात हात तीस-पस्तीस मिनिटे एकदाही थांबत नाहीत. आठ-नऊशे मीटरनंतर कोपर खाली पडू लागते, हात पाण्याला धरण्याऐवजी कापत जातो आणि कळतही नाही, कारण तळाची काळी रेघ मागे सरकताना दिसत नसते. यासाठी मी अडीच टक्के धरतो. ज्यांनी कधी सलग १५०० केलेलेच नाहीत त्यांना चार. तुम्हाला अडीच लावले तर ३२:४० चे ३३ मिनिटे ३० सेकंद झाले.

इथे बरेच जण विचारतात की पूलमध्ये भिंतीला हात न लावता, पताकेखालीच वळून पोहले तर थेट सरोवराची वेळ नाही का मिळणार? सराव म्हणून ते उत्तम आहे, खांद्यांची ती सुट्टी बंद होते. पण वेळ मोजायला ते चुकीचे. प्रत्येक वळणावर तुम्ही पाण्यात जवळजवळ उभे राहता आणि शून्यातून वेग घेता. सरोवरात हे एकदाही करावे लागत नाही. या पद्धतीने काढलेला आकडा नेहमी जास्त येतो आणि माणूस उगाच खचतो.

पुढची भर म्हणजे डोके वर काढून बघणे. पूलमध्ये दिशा तळावर आखलेली असते. सरोवरात आठ-दहा हातांनी एकदा डोळे पाण्याच्या वर आणून समोरची खूण बघावी लागते. डोके वर गेले की कंबर आणि पाय खाली जातात, आणि ते परत वर येईपर्यंत एक हात वाया जातो. किती तोटा होतो हे पूलमध्येच मोजता येते. एकदा २०० मीटर नेहमीसारखे पोहा, नीट विश्रांती घ्या, मग तेवढ्याच जोराने २०० मीटर दर आठव्या हाताला डोके वर काढत पोहा. फरकाला दोनने भागले की शंभरामागचा तोटा आला. सवय नसलेल्याचा पाच-सहा सेकंदही येतो. फक्त डोळे पाण्याबाहेर काढायचे आणि श्वास नेहमीप्रमाणे बाजूलाच घ्यायचा, हे जमले की तो दोन-तीनवर उतरतो. श्वास समोर बघत घेणाऱ्यांची वेळ कधीच सुधारत नाही. तीन सेकंद धरले तर १५०० ला ४५ सेकंद. आपण ३४ मिनिटे १५ सेकंदांवर आलो.

डोके वर काढणे महाग पडते म्हणून कमी वेळा बघावे, असा मोह होतो. वाकडे गेल्याने नेमके किती नुकसान होते? दिशा सतत दहा अंशांनी चुकत राहिली, कधी डावीकडे कधी उजवीकडे, तर अंतर फक्त दीड टक्क्याने वाढते. वीस अंशांना साडेसहा टक्के, तीस अंशांना पंधराच्या वर. थोडे नागमोडी जाणे परवडते, पण एकदा चूक मोठी झाली की ती झपाट्याने महाग होते. म्हणून दर आठ-दहा हातांना बघावे. पाच-पाच हातांना बघण्यात अर्थ नाही आणि पंचवीस हात डोळे मिटून मारण्यातही नाही. ज्यांचा एक हात जास्त जोरात ओढतो ते तर पंचवीस हातांत वीस अंश सहज फिरतात. नव्या माणसाचे अंतर मी चार टक्के जास्त धरतो, म्हणजे तुमचे १५०० चे १५६० होणार. वेळ ३५ मिनिटे ३५ सेकंद.

घड्याळातल्या जीपीएसवर इथे फार विसंबू नका. मनगट अर्धा वेळ पाण्याखाली असते आणि तिथे सिग्नल पोचत नाही, त्यामुळे घड्याळ मधले बिंदू अंदाजाने जोडते. घड्याळ मागे ओढायच्या फुग्यावर बांधले तर रेघ बरीच खरी येते.

सुरुवातीची अर्ध्या मिनिटाची भर मी डोळे मिटून घालतो. पूलच्या पाण्यापेक्षा सरोवर चार-सहा अंशांनी थंड असते, पहिली दोनेक मिनिटे श्वास लागतो, आणि झ्युरिकच्या झेयूबरक्वेरुंगला, म्हणजे सगळ्यांनी मिळून सरोवर पार करण्याच्या कार्यक्रमाला, पोहणार असाल तर आजूबाजूला गर्दी असते. झाले ३६ मिनिटे. ही सपाट पाण्याची वेळ. गर्दीचा एक फायदाही आहे: आपल्यापेक्षा किंचित वेगवान माणसाच्या पायांमागे चिकटून राहिलात तर मेहनत वाचते आणि मिनिटभर परतही मिळू शकते. मात्र तो माणूस सरळ पोहतोय ना, हे तुम्हालाच बघत राहावे लागते.

समुद्रात पोहलेल्या मराठी मंडळींसाठी एक सूचना. मालवणला किंवा गोव्याला समुद्रात पोहून आलेले लोक म्हणतात की उघड्या पाण्यात अंग आपोआप वर राहते. ते मिठाचे काम. सरोवराचे पाणी गोडे असते, तुमच्या पूलइतकेच उचलते, त्यामुळे त्या मदतीची वजाबाकी इथे करू नका. वेटसूट घातलात तर गोष्ट वेगळी. ज्यांचे पाय बुडतात त्यांना तो तीन ते सहा टक्के देतो, म्हणजे वर भिंतीपायी गेलेले सगळे जवळपास परत येते. पण तुम्ही न घालता विचारले आहे.

आता लाटा. खरा घोळ इथेच होतो, कारण लोक लाटांची उंची बघतात आणि वाऱ्याची दिशा विसरतात. हे दोन वेगळे हिशेब आहेत.

आधी उंचीचा. वारा जितके उघडे पाणी ओलांडून येतो तितकी लाट वाढते. ताशी अठरा किलोमीटरचा वारा दीड किलोमीटर पाण्यावरून आला तर लाटा साधारण दहा सेंटिमीटरच्या होतात. ऐकायला क्षुल्लक. पण त्यांच्या दोन शिखरांमधले अंतर दोन-सव्वादोन मीटर असते, जवळपास तुमच्या अंगाएवढे, त्यामुळे डोके एका लाटेत आणि पाय दुसऱ्या लाटेत असे चालते. एखाद्या श्वासाला तोंडात पाणी येते, एखादा हात पाण्याऐवजी हवेत पडतो. याचे मी चार टक्के लावतो. वारा ताशी तीस किलोमीटरच्या आसपास आणि तो पाच किलोमीटर पाण्यावरून येत असेल तर लाटा फूटभर होतात. सवय नसलेल्याचे दहा ते पंधरा टक्के त्यात जातात. सपाट पाण्याच्या वेळेला हे टक्के लावले की पहिल्यात साडेसदतीस मिनिटे येतात आणि दुसऱ्यात, बारा टक्के धरून, ४० मिनिटे २० सेकंद.

पाण्याकडे बघून ओळखायचे तर पांढरे तुरे शोधा. इथेतिथे एखादा तुरा फुटत असेल तर वारा ताशी पंधरा-वीसचा आहे. सगळीकडे दिसत असतील तर वीसच्या बराच पुढे. मात्र तुम्ही ज्या काठावरून बघता त्यावर खूप अवलंबून असते. मीटेनके पश्चिमेच्या काठावर आहे आणि तुम्हाला साधारण पूर्वेकडे जायचे आहे. वारा पश्चिमेचा असेल तर तुमच्या पायाशी पाणी आरशासारखे असते, कारण वाऱ्याला तिथे लाट उठवायला जागाच मिळालेली नसते. लाटा वाढतात पुढे, आणि सगळ्यात मोठ्या असतात टीफेनब्रुनेनच्या बाजूला, जिथे तुम्ही दमलेले असता. तेव्हा मधल्या बोटींकडे आणि पलीकडच्या झेंड्यांकडे बघून ठरवा.

लाटांमध्ये लांब ग्लाइड घेऊन पोहणाऱ्याचे हाल होतात. हात पुढे ठेवून थांबला की तेवढ्यात लाट त्याचा वेग खाते. तुम्ही मिनिटाला ५६ हात मारत असाल तर ६०-६२ मारा, हात थोडा उंचावरून आणा आणि श्वास वाऱ्याच्या उलट बाजूला घ्या. दोन्ही बाजूंनी श्वास घेता येत नसेल तर हा एक महिना त्यावर घालवा. फक्त उजवीकडूनच श्वास घेणाऱ्याला उजवीकडून लाट आली तर चार टक्क्यांचे आठ होतात.

आता दिशेचा हिशेब. वारा पाण्याचा वरचा थरही ढकलत नेतो. अगदी पृष्ठभागावर हा वेग वाऱ्याच्या दोन-तीन टक्के असतो, खाली तो घटत जातो. ताशी अठराच्या वाऱ्यात पोहणाऱ्याच्या अंगाला मिळून सेकंदाला आठ सेंटिमीटरचा ढकला बसतो असे धरू. तुमचा स्वतःचा वेग सेकंदाला साडेशहात्तर सेंटिमीटर. समजायला सोपे जावे म्हणून मघाच्या ३२:४० वर हे लावून बघा. वारा पाठीमागून असेल तर साडेएकोणतीस मिनिटे, समोरून असेल तर साडेछत्तीस. समोरच्या वाऱ्याने जवळपास चार मिनिटे घेतली, पाठीमागच्याने तीनच दिली. ज्या भिंतीची तुम्हाला काळजी आहे तिने सत्तर सेकंद घेतले होते.

आडवा वारा मात्र फसवा असतो. तुम्ही नाक समोर ठेवून, वाऱ्याकडे दुर्लक्ष करून सरळ पूर्वेकडे पोहत राहिलात तर पलीकडे पोचायला वेळ तेवढाच लागेल, पण १६० मीटर बाजूला पोचाल. आणि मग ते १६० मीटर काठाकाठाने वाऱ्याविरुद्ध परत यायचे, म्हणजे जवळपास चार मिनिटे. त्याऐवजी सुरुवातीपासून वारा जिकडून येतो त्या बाजूला फक्त सहा अंश तोंड वळवून पोहलात तर तोटा दहा सेकंदांचा. सहा अंश म्हणजे पाण्यातून बघताना पलीकडच्या काठावर दीडेकशे मीटर बाजूची एखादी इमारत. खरे तर दर काही हातांनी टीफेनब्रुनेनच बघत राहिलात तरी फार बिघडत नाही, वाट किंचित कमानीसारखी होते आणि वीसेक सेकंद जातात. चार मिनिटे जातात ती न बघणाऱ्याची.

झ्युरिकच्या या भागात सरोवराची लांबी साधारण उत्तर-दक्षिण आहे. त्यामुळे दक्षिणेकडून येणारा फ्योन वारा तुम्हाला आडवा लागतो आणि त्याला लाट वाढवायला लांबच लांब पाणी मिळते, जरी त्याचा खरा जोर बहुतेक वेळा सरोवराच्या वरच्या टोकाला असला. ईशान्येचा थंड बीझे वारा तुम्हाला तिरका समोरून लागणार. पश्चिमेचा वारा मदत करतो, पण इथे वादळेही बहुतेक पश्चिमेकडूनच येतात. काठावरचे केशरी दिवे बघायची सवय लावा. मिनिटाला ४० वेळा लुकलुकत असतील तर जोराच्या वाऱ्याचा इशारा, ९० वेळा असतील तर वादळ येत आहे. चाळीसवर मी कुणाला पाण्यात सोडत नाही, तेव्हा कोणते टक्के लावायचे हा प्रश्नच उरत नाही.

एवढे सगळे आकडे धरण्यापेक्षा एक सकाळ काढून ते मोजणे जास्त बरे. त्या दिवसाच्या आधी मीटेनकेच्या बाजूला काठाला धरून, बोटींच्या वाटेपासून लांब, नकाशावर २५० मीटर अंतरावरच्या दोन खुणा निवडा. एका खुणेपासून दुसरीपर्यंत जा, तिथे पाण्यातच वळा आणि परत या. जातानाची आणि येतानाची वेळ वेगळी टिपा. समजा जाताना ५ मिनिटे २० सेकंद लागले आणि येताना ६ मिनिटे. म्हणजे जाताना तुमचा वेग सेकंदाला ७८ सेंटिमीटर होता, येताना साडेएकोणसत्तर. दोन्हींच्या मधला, पावणेचौऱ्याहत्तर, हा उघड्या पाण्यातला तुमचा खरा वेग, ज्यात भिंतीचा, डोके वर काढण्याचा आणि त्या दिवशीच्या लाटांचा तोटा आधीच आला. दोन वेगांतल्या फरकाच्या निम्मा, म्हणजे सव्वाचार सेंटिमीटर, हा पाण्याचा ढकला. या वेगाने १५०० ला ३३ मिनिटे ५५ सेकंद होतात. त्यावर खांद्यांच्या थकव्याचे अडीच टक्के, काठ सुटल्यावर वाकडे जाण्याचे दोन टक्के आणि सुरुवातीचे अर्धे मिनिट घातले की ३६ च्या आसपास येते. पूलवरून काढलेला आकडा आणि हा आकडा मिनिटभराच्या आत जुळले तर तुमचे गणित बरोबर आहे. हा आकडा दोन-तीन मिनिटांनी जास्त आला तर कारण जवळपास नेहमी डोके वर काढण्याच्या पद्धतीत असते, आणि ते पूलमध्येच सुधारता येते. कमी आला तर बहुधा अंतर मोजण्यात चूक आहे. नकाशा परत बघा.

फक्त येताना किंवा फक्त जाताना मोजून निष्कर्ष काढू नका. वारा पाठीमागून असताना प्रत्येकालाच आपण सुधारलो असे वाटते.

शेवटी, हे आकडे कुणाला सांगायचे तेही ठरवा. स्वतःसाठी साडेसदतीस धरा आणि अर्ध्या वाटेवर घड्याळात साडेअठरा-एकोणीस मिनिटे दिसायला हवीत हे लक्षात ठेवा. बावीसच्या पुढे गेलात तर वारा समोरून आहे किंवा तुम्ही वाकडे गेला आहात. थांबा, पाठीवर व्हा, चारी बाजूंना बघा. पलीकडे टॉवेल घेऊन उभ्या असणाऱ्यांना ४५ मिनिटे सांगा. कार्यक्रमाच्या दिवसाव्यतिरिक्त हे अंतर कापायचे असेल तर एकट्याने नको, तिथून प्रवासी बोटी जातात. रंगीत फुगा ओढत, शेजारी कुणाला तरी बोटीत घेऊन जा, आणि त्या बोटवाल्यालाही ४५ च सांगा, म्हणजे तो तासाभराची सोय करून येईल.